एका रुपयाने वीस हजार

टाइल्स आणि सॅनिटरीचा माल विकणाऱ्या एका मध्यम डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समनसाठी महिन्याची स्कीम आहे असे धरू. पाच लाखांपर्यंतच्या विक्रीला २ टक्के, पाच ते दहा लाखांना ३ टक्के आणि दहा लाखांच्या वर ५ टक्के कमिशन. स्कीमचा कागद एवढ्यावरच संपतो, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

समजा सेल्समनची विक्री १०,१०,००० रुपये झाली. मालकाच्या मनातला हिशेब टप्प्याटप्प्याने आहे. पहिल्या पाच लाखांचे १०,०००, पुढच्या पाच लाखांचे १५,००० आणि वरच्या दहा हजारांवर ५ टक्क्यांनी ५००, असे एकूण २५,५०० रुपये. सेल्समन मात्र ‘मी ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आलो’ म्हणतो आणि सगळ्या रकमेवर ५ टक्के लावून ५०,५०० मागतो. कागद दोघांनाही खोटे ठरवत नाही. तरी रक्कम जवळजवळ दुप्पट झालेली असते.

बऱ्याच ठिकाणी हा घोळ वादातून नव्हे, एक्सेलमधून येतो. शीट बनवणारा विक्रीचा आकडा बघून दर शोधतो आणि त्याने पूर्ण विक्रीला गुणतो:

```
=B2*IF(B2>1000000,5%,IF(B2>500000,3%,2%))
```

सूत्र चालते, एररही दाखवत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. टप्प्यांचा हिशेब हवा असेल, तर मूळ दर सगळ्या विक्रीवर लावून प्रत्येक मर्यादेच्या वरच्या भागावर दरातला फक्त फरक मिळवायचा:

```
=B2*2%+MAX(0,B2-500000)*1%+MAX(0,B2-1000000)*2%
```

आपल्या शीटमध्ये कोणता हिशेब आहे हे ओळखायला विक्रीच्या खान्यात आधी १०,००,००० आणि मग १०,००,००१ टाकून बघावे. टप्प्यांच्या हिशेबात कमिशन पाच पैशांनी वाढते. पहिल्या सूत्रात ते ३०,००० वरून थेट ५०,००० वर जाते. स्लॅबच्या मधले आकडे टाकून ही उडी दिसत नाही. सात लाखांवर पहिले सूत्र २१,००० देते आणि दुसरे १६,०००, म्हणजे फरक असतोच, पण दोन्ही आकडे पटण्यासारखे वाटतात.

एका रुपयाला वीस हजार मिळणार असतील, तर माणूस तो रुपया कुठूनही आणतो. २८ तारखेला ९ लाख ९० हजारांवर अडकलेला सेल्समन ओळखीच्या दुकानदाराला गळ घालतो, ‘वीस हजारांचं बिल करून ठेवू, माल नको असला तर पुढच्या महिन्यात परत घेतो.’ गरज पडली तर कमिशनमधले दोन-तीन हजार त्याला सोडूनही सेल्समन फायद्यातच राहतो. उलट, सहा लाखांवर असलेल्याला दहा लाख गाठणे शक्य नसते. तो हातातली ऑर्डर १ तारखेपर्यंत दाबून ठेवतो, कारण पुढच्या महिन्यात ती उपयोगी पडेल. मालकाला वाटते, महिनाअखेरीला बाजार उचल खातो.

खरी गंमत माल परत येतो तेव्हा होते. १०,१०,००० च्या विक्रीतला १५,००० चा माल पुढच्या महिन्यात परत आला, तर निव्वळ विक्री ९,९५,००० राहते. पूर्ण रकमेवर ३ टक्क्यांनी कमिशन होते २९,८५०. आधी ५०,५०० दिलेले असतात, म्हणजे वसुली २०,६५० रुपयांची. परत आलेल्या मालाच्या किमतीपेक्षाही जास्त! सेल्समन ही कापणी निमूटपणे सोसणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. टप्प्यांच्या हिशेबात हीच कापणी ६५० रुपयांची असते.

आपला प्राप्तिकरही टप्प्यांनीच लागतो. तरी ‘वरच्या स्लॅबमध्ये गेलो की सगळ्या पगारावर जास्त कर’ ही भीती अनेकांना असते. तीच समजूत कमिशनच्या बाबतीत आशा बनून येते.

पूर्ण रकमेवर वरचा दर देणे हा गुन्हा नाही. काही कंपन्या डीलरला टार्गेटपर्यंत खेचण्यासाठी मुद्दाम असे देतात. मात्र ते ठरवून करायचे असेल तर दरांत एवढी मोठी पायरी ठेवू नये. २, ३, ५ हे दर टप्प्यांसाठी परवडतात. पूर्ण रकमेसाठी २, सव्वादोन, अडीच असे धरले, तर १०,१०,००० वर २५,२५० होतात, म्हणजे खर्च जवळपास तेवढाच. मर्यादेवरची उडीही अडीच हजारांवर येते. तरीही अडीच हजारांसाठी खोटे बिल करणारा कुणी निघेलच.

स्कीमच्या कागदात ‘हा दर फक्त त्या टप्प्यात येणाऱ्या रकमेवर लागू’ किंवा ‘पूर्ण विक्रीवर लागू’ यांपैकी एक वाक्य हवे आणि खाली १०,१०,००० चे उदाहरण आकड्यांसह सोडवलेले हवे. बरोबर दहा लाख विक्री कोणत्या स्लॅबात मोजायची, विक्री जीएसटी धरून की वगळून, आणि परतावा कोणत्या महिन्यातून वजा करायचा, हेही त्याच कागदावर लिहावे. टप्प्यांच्या हिशेबात यातल्या पहिल्या प्रश्नाने एका पैशाचाही फरक पडत नाही. पूर्ण रकमेच्या हिशेबात वीस हजारांचा पडतो.