पोटावरचं इंजेक्शन आणि काळेनिळे डाग

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्जच्या औषधांत हल्ली अनेकदा भरलेल्या सिरिंजचा एक डबा असतो. ‘रक्त पातळ करणारं इंजेक्शन, रोज एक, पोटावर,’ एवढं सांगून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळतात. हे औषध म्हणजे एनॉक्सापॅरिन. रक्त ते खरोखर पातळ करत नाही, फक्त पायाच्या शिरेत गुठळी धरू देत नाही. ते डुकराच्या आतड्यापासून बनतं. कुणाला त्याची अडचण असेल तर पहिल्या डोसआधीच डॉक्टरांशी बोलावं.

ते त्वचेखालच्या चरबीत द्यायचं असतं, स्नायूत नव्हे. म्हणून जागा पोटाची, बेंबीपासून निदान दोन इंच दूर, डावीकडे किंवा उजवीकडे. आज डावी बाजू, उद्या उजवी. जुना व्रण किंवा आधीचा निळा डाग असेल तिथे टोचायचं नाही.

हात साबणाने धुवून टेकून बसावं किंवा आडवं व्हावं. स्पिरिटचा बोळा फिरवला तर जागा पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या स्पिरिटनेच जास्त झोंबतं. टोपण सरळ ओढून काढलं की सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो आणि बहुतेकांचा हात तो काढायलाच जातो. पूर्ण सिरिंजचा डोस असेल तर तो काढू नये. सुई खाली रोखली की बुडबुडा वर, दट्ट्याच्या बाजूला सरकतो आणि शेवटी औषधाचा उरलेला थेंब आत ढकलतो. बुडबुडा बाहेर काढण्याच्या नादात मात्र औषधच सांडतं. डोस सिरिंजपेक्षा कमी असेल, तर जादा औषध कसं काढायचं ते रुग्णालयातच करून दाखवायला सांगावं.

आता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चरबीची घडी चिमटीत धरायची आणि सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत जाऊ द्यायची. दट्ट्या हळूहळू दाबायचा, मनात तीसपर्यंत आकडे मोजत. घाईने ढकलल्यास दुखतंही जास्त आणि डागही मोठा पडतो. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. सुई आली तशीच सरळ काढायची.

यानंतर जे करावंसं वाटतं तेच करायचं नाही, म्हणजे चोळणं. इतर इंजेक्शनांनंतर चोळायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. पण इथे सुईने फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांपाशीच गुठळी न होऊ देणारं औषध बसलेलं असतं. चोळल्यावर रक्त आजूबाजूला पसरतं आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. रक्त आलंच तर कोरडा कापूस नुसता दाबून धरावा.

एवढं करूनही थोडे डाग पडतातच. निळा डाग हिरवट, मग पिवळा होत विरत असेल तर काळजी नाही. डाग पसरतच राहिला, खाली टणक गोळा लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त थांबेना, शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच रुग्णालय गाठावं. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेणं हेही रक्तस्रावाला आमंत्रण आहे.

राहिला चुकलेला डोस. समजा, एका काकूंची वेळ रोज सकाळी आठची आहे. पाहुण्यांच्या गडबडीत त्या विसरल्या आणि दुपारी दोनला आठवलं. तेव्हाच घ्यावं आणि उद्या पुन्हा आठला नेहमीचं. मध्ये अठरा तास मिळतात. रात्री दहाला आठवलं, तर पुढच्या डोसला दहाच तास उरलेले असतात. अशा वेळी स्वतः ठरवू नये, डॉक्टरांना किंवा वॉर्डला फोन करावा. दुसऱ्या दिवशी सकाळीच आठवलं, तर कालचा डोस गेला असं समजून आजचा एकच घ्यावा.

दोन सिरिंज एकदम कधीच घेऊ नयेत. औषधाचा जोर टोचल्यावर तीन ते पाच तासांनी सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरत जातो. दुप्पट डोसाने कालची पोकळी भरत नाही, आजच्या त्या काही तासांत रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध अंगात जास्त वेळ टिकतं, तिथे तर ही चूक आणखी महागात पडते. दिवसातून दोन वेळा इंजेक्शन घेणाऱ्यांना हे काकूंचं गणित लागू पडत नाही. त्यांनी चुकलेल्या डोसाबद्दल विचारूनच पुढे जावं. आणि एखादा डोस चुकल्यानंतर एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर पुढच्या डोसाची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावं.

कित्येकदा प्रश्न विसरण्याचा नसतो, ‘घेतलं की नाही’ हेच आठवत नसतं. यासाठी टोचल्यावर लगेच कॅलेंडरवर त्या तारखेला ‘डा’ किंवा ‘उ’ लिहावं. बाजूही कळते आणि डोसही. लिहायचं राहिलं असेल तर डब्यातल्या सिरिंज मोजाव्यात. वापरलेल्या सिरिंज घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून रुग्णालयात परत द्यायच्या असतातच, त्याही मोजता येतात. तरीही शंका राहिलीच, तर अंदाजाने दुसरी टोचू नये, आधी फोन करावा.