गच्चीचं काम का अडलं?

सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे नेमकी गळतीच्या दिवसांत. टाकी दुरुस्त झाली, जिन्याला रंग लागला, हे अध्यक्षांनी दोन वाक्यांत उरकावं. सभासदांचे कान गच्चीकडे असतात. तिथे ‘तांत्रिक अडचण’ म्हटलं की गलका ठरलेलाच. त्यापेक्षा सरळ सांगावं: ‘कोटेशनं फेब्रुवारीत मागवायची होती, आम्ही एप्रिलमध्ये मागवली. सर्वांत स्वस्त ठेकेदार जुना फुटका कोबा न काढताच वर लेप मारणार होता, म्हणून पुन्हा दर मागवले. तोवर पाऊस आला. ओल्या स्लॅबवर लेप धरत नाही, फुगे येतात. आता काम दिवाळीनंतर. थकबाकी आली नाही, तर निम्म्याच गच्चीचं.’ थकबाकीदारांची नावं मात्र भाषणात नकोत. एकूण रकमेचा आकडा पुरतो.