दहा टक्के वेस्टेज कुठे जातं?

फरशीच्या दुकानात खोलीचं माप सांगितलं की हिशेब तोंडी होतो. खोली ११ बाय १३ फूट, म्हणजे १४३ चौरस फूट. त्यावर दहा टक्के वेस्टेज धरलं की झाले सुमारे १५७. ‘दोन बाय दोन’च्या एका टाइलचे ४ चौरस फूट, म्हणून ४० टाइल. बॉक्समध्ये ४ येतात, तेव्हा १० बॉक्स. वरवर पाहता यात चूक दिसत नाही. तरीही या खोलीत दोन टाइल कमी पडतील.

‘दोन बाय दोन’ हे बोलायचं माप आहे. बॉक्सवर ६०० बाय ६०० मिलिमीटर छापलेलं असतं आणि दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. एका टाइलमागे हा फरक किरकोळ वाटतो, पण ओळीत तो साचत जातो. ११ फुटांच्या बाजूला पाच अख्ख्या टाइल बसल्यावर एक फूट उरायला हवा. प्रत्यक्षात सांधे धरूनही सुमारे ३४० मिलिमीटर उरतात. अर्धी टाइल ३०० मिलिमीटरची, ती तिथे पुरत नाही. मग मिस्त्री अख्खी टाइल कापतो आणि उरलेली अडीचशे मिलिमीटरची पट्टी दुसऱ्या कडेला उपयोगी पडत नाही. १३ फुटांच्या बाजूलाही हेच होतं. म्हणून एका बाजूने ७ आणि दुसरीने ६ अशा ४२ अख्ख्या टाइल लागतात.

त्या पट्ट्या मात्र फेकायच्या नाहीत. प्रत्येकीतून चार इंची स्कर्टिंगचे दोन तुकडे निघतात. दार वगळून या खोलीला सुमारे ४५ फूट स्कर्टिंग लागते आणि नीट कापल्या तर या पट्ट्यांतून ती पुरी होते.

टक्केवारी हा अंदाज आहे. घट ठरते ती कडेला किती तुकडा उरतो यावर. तिरक्या मांडणीत चारही कडांना त्रिकोणी तुकडे पडतात, म्हणून तिथे पंधरा टक्क्यांपर्यंत धरतात. चौकड्यांच्या कापडाचाही हिशेब टक्क्यांत बसत नाही, कारण शिवणीवर चौकडी जुळवायला प्रत्येक तुकड्यामागे जास्तीत जास्त एका चौकडीइतकं कापड वाढतं. रंगाचे तुकडे पडत नाहीत. तिथे वाढीव खर्च होतो तो भिंत किती शोषते यामुळे.

टाइल कमी पडल्यावर नंतर आणू म्हणणं महागात पडतं. बॅच बदलली की त्याच नावाच्या टाइलची छटा किंचित वेगळी निघते आणि जमिनीवर ती लगेच कळते. म्हणून खरेदीआधी चौकटीच्या कागदावर खोली काढा, बॉक्सवरचं मिलिमीटरचं माप घ्या आणि कापलेली प्रत्येक टाइल अख्खी मोजा. या खोलीसाठी एकाच बॅचचे ११ बॉक्स घ्या. उरलेल्या दोन टाइल फुटतुटीला आणि पुढच्या दुरुस्तीला ठेवा.