हजार रुपये बँकेत भरले, तर पैसा वाढतो का?

2012 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक प्रश्न आला होता. अर्थव्यवस्थेतला पैशाचा पुरवठा कशाने वाढेल? विधानं चार होती. एक, मध्यवर्ती बँकेने जनतेकडून सरकारी रोखे विकत घेणं. दोन, लोकांनी हातातली रोकड बँकेत भरणं. तीन, सरकारने मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घेणं. चार, मध्यवर्ती बँकेने जनतेला रोखे विकणं.

पहिलं बरोबर आणि चौथं चूक, हे अभ्यास केलेल्या कुणालाही चटकन कळतं. पाय घसरतो तो दुसऱ्यावर. मनातल्या मनात साखळी जुळते: लोकांनी पैसे भरले, बँकेकडे पैसा आला, कर्जं स्वस्त झाली, व्याज उतरलं, म्हणजे पैसा वाढला. प्रत्येक कडी पटण्यासारखी आहे. पण प्रश्न व्याजाबद्दल नाही आणि कर्जाबद्दलही नाही. तो फक्त पैसा मोजायला सांगतो.

मग मोजू या. पैशाच्या पुरवठ्यात लोकांच्या हातातली रोकड आणि त्यांच्या बँकेतल्या ठेवी धरतात. बँकेच्या तिजोरीतल्या नोटा धरत नाहीत. एखाद्या गृहिणीने कपाटातले हजार रुपये बचत खात्यात भरले. रोकड हजाराने घटली, ठेव हजाराने वाढली, बेरीज जिथल्या तिथे. याउलट रिझर्व्ह बँकेने एखाद्याकडून हजार रुपयांचा रोखा घेतला, तर त्याच्या खात्यात हजार रुपये नव्याने जमा होतात. त्याने दिलेला रोखा पैशात मोजलेलाच नव्हता, म्हणून ही खरी वाढ. सरकारने मध्यवर्ती बँकेकडून घेतलेलं कर्ज खर्च केलं की तेही असंच नव्याने लोकांच्या खात्यांत पोचतं. उत्तर: 1 आणि 3.

या प्रश्नाची रचनाच चूक दाखवून देत होती. दिलेले पर्याय असे होते: फक्त 1, फक्त 2 आणि 4, 1 आणि 3, 2, 3 आणि 4. दुसरं विधान बरोबर धरलं की जे दोन पर्याय उरतात, त्या दोन्हींत चौथं आहेच, आणि पहिलं एकातही नाही. खात्रीचं विधान हातचं जातंय आणि उघड चुकीचं गळ्यात पडतंय असं दिसलं, की आपलं गृहीतक तपासायला हवं. पण परीक्षार्थी तिथेच गडबडतात. 1, 2 आणि 3 अशा खुणा केलेल्या असतात, तसा पर्यायच सापडत नाही, आणि मग अंदाजाने गोळा काळा होतो. चुकलं की प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात.

इथे एक बारकावा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. याच परीक्षेत आणखी एका वर्षी विचारलं होतं की पैशाचा गुणक कशाने वाढतो, आणि उत्तर होतं, लोकांची बँकेत पैसे ठेवण्याची सवय वाढल्याने. हे दोन प्रश्न एकमेकांना छेद देत नाहीत. पैसे भरण्याची क्रिया बेरीज बदलत नाही. त्या रोकडीच्या आधारावर बँक पुढे कर्जं देते, तेव्हा नव्या ठेवी तयार होतात. पहिला प्रश्न क्रियेचा, दुसरा सवयीचा.

2020 च्या पेपरात हाच गोंधळ उलट बाजूने आला. रिझर्व्ह बँकेने विस्ताराचं पतधोरण घेतलं, तर ती काय करणार *नाही*? एसएलआर कमी करणं, एमएसएफचा दर वाढवणं, की बँक दर आणि रेपो दर घटवणं? ज्याच्या डोक्यात पतधोरण म्हणजे निव्वळ व्याजदर, त्याला एसएलआर परका वाटतो, कारण तो दर नव्हे, प्रमाण आहे. तो ‘1 आणि 2’ निवडतो. पण बँकांनी सरकारी रोख्यांसारख्या मालमत्तेत किती पैसा अडकवून ठेवायचा, हे एसएलआर ठरवतो. तो घटला की कर्जासाठी पैसा मोकळा होतो. विस्ताराच्या विरुद्ध जाणारं पाऊल एकच, एमएसएफचा दर वाढवणं. उत्तर: फक्त 2.

दर आणि प्रमाण खरोखर वेगवेगळे चालतात, हे 6 डिसेंबर 2024 ला दिसलं. त्या दिवशी रेपो दर साडेसहा टक्क्यांवर तसाच ठेवून रिझर्व्ह बँकेने सीआरआर साडेचारवरून चार टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, दोन टप्प्यांत. त्यातून बँकांचे सुमारे 1 लाख 16 हजार कोटी रुपये मोकळे होणार होते. हा पैसा मोकळा होतो तो बँकांसाठी. लोकांच्या खात्यांत तो बँकांनी कर्जं दिल्यावरच उमटतो. त्यामुळे ‘सीआरआर घटला, म्हणजे रेपो दर घटला’ हे विधान त्या दिवसापुरतं साफ चूक ठरतं, आणि ‘सीआरआर घटल्याने बँकांची कर्ज देण्याची क्षमता वाढली’ हे बरोबर. रेपो दर खाली आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, स्वतंत्र निर्णयाने: सव्वासहा टक्के.