अनुवादकाच्या टिपणात काय लिहावं?

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. जेरी पिंटो यांनी केलेल्या त्याच्या इंग्रजी अनुवादाचं नाव आहे ‘व्हेन आय हिड माय कास्ट’. म्हणजे ‘चोरली’च्या जागी ‘लपवली’ आलं. मराठीत माणूस अंग चोरतो, नजर चोरतो, तेव्हा तो काही पळवत नसतो. इंग्रजीत सरळ ‘स्टोल’ लिहिलं असतं, तर यानं दुसऱ्या कुणाची तरी जात पळवली असा समज झाला असता. ‘हिड’नं अर्थ नेमका पोचला, पण चोरीची छटा गेली. स्वतःचीच जात सांगितली नाही एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरतो, हे मराठी वाचकाला शीर्षकातच जाणवतं. अनुवादकाचं टिपण असतं ते अशा जागांसाठी: काय घेतलं, त्यापायी काय सोडलं आणि का.

अनेक टिपणं इथेच फसतात. ‘मराठीचा गोडवा इंग्रजीत आणणं अशक्य आहे’ असं लिहिलं की वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. खण, परात, ओटी अशा शब्दांची यादी दिली तरी तेच, कारण वाक्याच्या ओघात ते बहुधा आपोआप कळतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कथाभर नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई शेवटच्या भांडणात म्हणते, ‘तू जा इथून.’ कथेचा सगळा जीव त्या ‘तू’मध्ये आहे आणि इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च. अशा वेळी अनुवादक काय करेल? कथाभर तिला नवऱ्याचं नाव उच्चारू देणार नाही. ‘अहो’ तसंच ठेवेल. शेवटी मात्र तिच्या तोंडी त्याचं नाव घालेल. मूळ वाक्यात ते नाव नाही, आणि म्हणूनच टिपणात ते सांगायलाच हवं: ‘या वाक्यातलं नाव माझं आहे. मूळ कथेत इथे ती पहिल्यांदा नवऱ्याला एकेरीत बोलते.’ एवढी दोन वाक्यं पुरतात.

असं टिपण अनुवाद संपल्यावर आठवून लिहिता येत नाही. पहिल्या खर्ड्यापासूनच अडलेली जागा, सुचलेले पर्याय आणि टाकून दिलेल्यांची कारणं वहीत टिपत जावं लागतं. छोट्या कथेसाठी त्यातल्या तीन-चार जागाच निवडाव्यात, ज्यांनी कथेचा अर्थ बदलतो अशा. बोलीबद्दल लिहायचं तर ती कुठली, ती कोण बोलतं आणि प्रमाण मराठी कोणाच्या तोंडी आहे, हे सांगावं. नाहीतर इंग्रजीत सगळी पात्रं एकाच घरात वाढल्यासारखी बोलतात.

शेवट उघड होत असेल, तर टिपण कथेच्या नंतर छापावं. आणि छापण्याआधी ते मराठी न येणाऱ्या एखाद्या वाचकाला दाखवावं. ते वाचून त्यानं कथेतलं ते पान पुन्हा काढलं, तर टिपण जमलं.