फिल्टर एकच, चेहरे वेगळे

फोटोवर इफेक्ट टाकून केलेलं चित्र म्हणजे एका क्लिकचं काम, असं अनेकांना वाटतं. एका कलामंडळाच्या प्रमुखांनी सभासदांसमोरच्या भाषणात याला उत्तर दिलं, ते पडद्यावर एक फोटो उघडून.

फोटो भाजीवाल्या आजींचा. उजेड डावीकडून, मागे अंधारा गाळा. स्टेन्सिलसारखं निव्वळ काळं-पांढरं चित्र हवं म्हणून त्यांनी ‘थ्रेशोल्ड’ निवडला. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते २५५ मध्ये मोजला जातो. आपण ठरवलेल्या आकड्याच्या वरचं सगळं पांढरं होतं, खालचं काळं.

आधी आकडा होता १२८. सावलीतला गाल आणि मागचा अंधार एकच काळा डाग झाला, जबड्याची कडा गेली. तो ९० वर आणताच कडा सापडली, पण उजेडातल्या गालावरच्या सुरकुत्या पुसल्या जाऊन आजी एकदम तरुण दिसू लागल्या. १६० वर सुरकुत्या परतल्या, तर अर्धा चेहरा काळोखात बुडाला.

“आता सांगा, यातलं बरोबर कुठलं?” त्यांनी विचारलं. संगणकाला ते सांगता येत नाही. आजींचं वय दाखवायचं की चेहऱ्याची ठेवण, हे चित्र करणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

त्यांना दोन्ही हवं होतं. म्हणून फोटोच्या दोन प्रती केल्या, एक ९० वर आणि दुसरी १६० वर. दुसरीतला फक्त उजेडातला गाल मास्क लावून पहिलीवर घेतला. तरी चेहऱ्यावर बारीक काळे ठिपके उरलेच. थ्रेशोल्डच्या आधी फोटो किंचित धूसर केला की ते जातात, पण धूसरपणा जास्त झाला तर पापण्याही विरघळतात. नथ तर कुठल्याच आकड्यावर नीट दिसेना, तेव्हा ती त्यांनी हाताने काढली.

मग त्यांनी अँडी वॉरहॉलचं उदाहरण दिलं. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेल्यावर त्याने तिचा ‘नायगारा’ या १९५३ च्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो निवडला. फोटो दुसऱ्याचा, छपाईची पद्धतही कारखान्यातली. पण चौकट कापून फक्त चेहरा आणि मान ठेवणं त्याचं. ‘मेरिलिन डिप्टिक’मध्ये डावीकडे पंचवीस भडक रंगीत चेहरे आहेत, उजवीकडे पंचवीस काळे-पांढरे. उजवीकडच्या काही चेहऱ्यांवर शाई फासल्यासारखी दाट, काहींवर अगदी फिकी. नेटकी छपाई हवी असती तर हे चेहरे बाद झाले असते. त्याने ते ठेवले आणि मेरिलिन पुसट होत गेली.

एकच तयार सेटिंग वीस फोटोंना लावून मोकळं होणाऱ्यांची बाजू त्यांनी घेतली नाही. त्यांची कसोटी साधी: मूळ फोटो शेजारी ठेवा आणि काय गाळलं, का गाळलं ते सांगा. “सॉफ्टवेअरने केलं” एवढंच उत्तर असेल, तर ते चित्र अजून तुमचं झालेलं नाही.