अर्धवट लेबल आणि तेलकट चेहरा

चेहऱ्याला लावायच्या क्रीमची ट्यूब काही महिने बाथरूममध्ये राहिली की तिच्यावरची छपाई पुसायला लागते. ओले हात लागतात, ट्यूब दाबून दाबून दुमडते आणि जिथे घडी पडते तिथली अक्षरं आधी जातात. बाहेरचं खोकं तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेलं असतं. अशी ट्यूब घरात एकाकडून दुसऱ्याकडे, हॉस्टेलवर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि मग प्रश्न पडतो, हे नेमकं काय आहे आणि मला चालेल का?

माझ्या भाचीने अशीच एक ट्यूब माझ्यासमोर ठेवली. तिची त्वचा तेलकट आहे, कपाळावर आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात. ट्यूब 50 ग्रॅमची होती. कंपनीचं नाव पूर्ण गेलेलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'ऑइल' एवढंच उरलेलं आणि त्याखाली '…श्चरायझर'. ती म्हणाली, "मावशी, ऑइल लिहिलंय, म्हणजे ऑइली स्किनसाठीचंच असणार ना?"

असेलही, पण त्या एका शब्दावरून ते ठरत नाही. 'ऑइली त्वचेसाठी', 'ऑइल-फ्री' आणि 'अमुक ऑइलयुक्त' या तिन्ही ओळींतून पुसून पुसून 'ऑइल'च उरतं. पहिल्या दोन ओळी तेलकट त्वचेच्या बाजूच्या आहेत, तिसरी बहुतेक वेळा कोरड्या त्वचेसाठी लिहिलेली असते. अर्धवट लेबल वाचताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. उरलेल्या तुकड्यात आपल्याला हवा तोच शब्द दिसतो. 'बेन्झो…' एवढंच दिसलं तर ते मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड असू शकतं, तसंच साधं टिकाऊपणासाठी घातलेलं सोडियम बेन्झोएटही असू शकतं. 'रेटिन…' म्हणजे सौंदर्यप्रसाधनांत चालणारं रेटिनॉल असेल किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये असं ट्रेटिनॉइनचं उरलेलं शेपूट असेल.

म्हणून सुरुवात नावापासून करायची नाही. आधी बघायचं, ट्यूब सौंदर्यप्रसाधनाची आहे की औषधाची. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या लेबलवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, 'आरएक्स' हे चिन्ह असतं आणि शेड्यूल एचचा इशारा छापलेला असतं. छपाई बरीच गेली तरी लाल रेघेचा एखादा तुकडा उरतो. 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' यांतलं काहीही वाचता आलं तर ते स्टेरॉइड आहे. अशी मलमं गोरेपणासाठी किंवा मुरुमांवर म्हणून हातोहात फिरतात. सुरुवातीला चेहरा छान दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाली येते आणि मुरुमं आणखी उसळतात. तेव्हा अशी ट्यूब दिसली तर तेलकट त्वचेचा विचारही करायचा नाही, ती बाजूला ठेवायची. भाचीच्या ट्यूबवर यातलं काही नव्हतं.

मग शेपटीकडे वळायचं. ट्यूबचं दाबून बंद केलेलं टोक असतं, तिथे बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. हे आकडे बऱ्याचदा शाईने छापलेले नसून ठसा मारून उठवलेले असतात. खोली थोडी अंधारी करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला की सावली पडते आणि न दिसणारे आकडे वाचता येतात. आकडे शाईचे असतील तर सॅनिटायझर किंवा नेलपेंट रिमूव्हर लावून साफ करायला जाऊ नये, उरलेली शाईही निघून जाते. ओलसर फडक्याने हलकेच पुसावं. एक खूण मात्र उलटसुलट वाचली जाते. झाकण उघडलेल्या डबीच्या चित्रात '12 एम' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. तोच 'एम' उत्पादन परवान्याच्या क्रमांकाआधीही येतो. आणि परवान्यावरून कारखाना कळतो, ब्रँड नाही. हिमाचलमधल्या बद्दीसारख्या ठिकाणचे कारखाने अनेक कंपन्यांना माल बनवून देतात.

ब्रँड शोधायचा खरा धागा बारकोड. त्याखालचे तेरा आकडे सहसा एका विशिष्ट उत्पादनाच्या विशिष्ट आकाराच्या पॅकचे असतात. सुरुवातीला 890 असेल तर तो क्रमांक भारतातल्या जीएस1 संस्थेकडून घेतलेला आहे एवढंच कळतं, माल कुठे बनला ते नाही. रेघा दुमडल्याने स्कॅनर चालला नाही तरी आकडे हाताने टाकून शोधता येतं. त्यातला एखादा आकडा पुसला असेल तर तोही काढता येतो, कारण शेवटचा आकडा बाकीच्यांची पडताळणी करण्यासाठीच असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे, सम जागांवरच्यांची बेरीज तिप्पट करायची आणि दोन्हींची मिळून बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. नमुन्यासाठी 89012345?7890 हा क्रमांक घेऊ, त्यातला नववा आकडा गेलाय. विषम जागांवरचे उरलेले आकडे 8, 0, 2, 4, 8 आणि 0, बेरीज 22. सम जागांवरचे 9, 1, 3, 5, 7, 9, बेरीज 34, तिप्पट 102. एकूण 124. पुढची दहाची पट 130, म्हणजे गेलेला आकडा 6. दोन आकडे गेले असतील तर मात्र हा हिशोब एकच उत्तर देत नाही.

फोटो काढून तसाच पॅक नेटवर शोधणं सोपं वाटतं, पण एकाच कंपनीच्या तीन-चार क्रीमच्या ट्यूब फक्त एका पट्टीच्या रंगाने वेगळ्या असतात. शिवाय पॅक तोच ठेवून आतले घटक बदलले जातात. म्हणून सापडलेलं नाव खरं आहे का, हे रंगावरून नाही, घटकांच्या क्रमावरून ताडायचं. हातातल्या ट्यूबवर वाचता येणारे चार-पाच शब्द त्याच क्रमाने तिथल्या यादीत आले तरच ओळख पक्की.

ही घटकांची यादीच आपल्याला दुसऱ्या प्रश्नाकडे नेते आणि नाव सापडलं नाही तरी तिच्यावरून बरंच ठरवता येतं. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. अगदी लहान पॅकना यादीतून सूट आहे, 50 ग्रॅमच्या ट्यूबला नाही. म्हणजे यादीची सुरुवात हाच त्या क्रीमचा खरा देह. ती कुठे संपते हे ओळखायची एक सोपी खूण आहे, फेनॉक्सिइथेनॉल. टिकाऊपणासाठी घातलेलं हे द्रव्य एक टक्क्याच्या वर चालत नाही. त्यामुळे त्याच्यानंतर आलेलं सगळं एक टक्का किंवा त्याच्या खाली.

भाचीच्या ट्यूबवर पहिली ओळ घासली गेली होती. पुढे वाचता आलं ते असं: 'ग्लिसरीन, …प्रोपिल मिरिस्टेट, सेटोस्टिअरिल अल्कोहोल, शिया बटर', मग तीन-चार शब्द गायब, आणि शेवटी 'फेनॉक्सिइथेनॉल, नायसिनामाइड, अर्गान कर्नल ऑइल, परफ्यूम'.

पुढच्या बाजूचं 'ऑइल' इथे उलगडलं. शिया बटर आणि अर्गान तेल ज्या यादीत आहेत तिला कोणी 'ऑइल-फ्री' म्हणणार नाही, तेव्हा वर 'अर्गान ऑइल मॉइश्चरायझर' असण्याचीच शक्यता जास्त. पण ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं ते अर्गान तेल आत एक टक्काही नसेल. नायसिनामाइडचंही तेच. चेहऱ्यावरचं तेल कमी होण्याच्या संदर्भात त्याची दोन टक्क्यांवर चाचणी झालेली आहे. इथे ते फेनॉक्सिइथेनॉलच्या मागे होतं, म्हणून त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता.

खरं वजन होतं वरच्या घटकांचं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, तेलकट त्वचेला त्याचा त्रास नाही. सेटोस्टिअरिल अल्कोहोलमधल्या 'अल्कोहोल'ला घाबरायचं कारण नाही. ते मेणासारखं आहे, कोरडं पाडणारं स्पिरिट नव्हे. '…प्रोपिल मिरिस्टेट' म्हणजे आयसोप्रोपिल मिरिस्टेट. क्रीम पटकन पसरावं, हाताला रेशमी लागावं म्हणून ते घालतात आणि छिद्रं बुजवणाऱ्या घटकांत त्याचं नाव नेहमी येतं. रसायन म्हणून ते तेल नाही, त्यामुळे 'ऑइल-फ्री' लिहिलेल्या क्रीममध्येही ते सापडू शकतं. त्याच्या जोडीला यादीत वरच शिया बटर. पुटकुळ्या येणाऱ्या तेलकट कपाळासाठी ही जोडी मी निवडणार नाही. तेच क्रीम हिवाळ्यात कोरड्या पडणाऱ्या हातापायांना छान चालेल.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. घटकांना छिद्रं बुजवण्याबद्दल शून्य ते पाच असे गुण देणारे तक्ते नेटवर फिरतात. त्यातले बरेच आकडे सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांतून आले आहेत आणि तिथे बहुधा एकटा घटक भरपूर प्रमाणात लावलेला असे. माणसाच्या चेहऱ्यावर तयार क्रीम तसंच वागेल असं नाही. 'नॉन-कॉमेडोजेनिक' या शब्दालाही सर्वमान्य कायदेशीर कसोटी नाही. म्हणून घटक यादीत किती वर आहे आणि आपल्याला मुरुमं येतात का, या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. नुसतीच त्वचा चमकते, पुटकुळ्या येत नाहीत, अशा माणसाला हेच क्रीम चिकट वाटेल, पण अपाय होईलच असं नाही.

आपली त्वचा खरंच तेलकट आहे का, हेही तपासून घ्यावं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, काहीही न लावता तासभर थांबायचं आणि टिश्यू पेपर कपाळ, नाक, गाल यांवर वेगवेगळा दाबायचा. सगळीकडे पारदर्शक डाग आले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ आणि नाकावर आले तर मिश्र. डाग येतात आणि त्वचा ओढल्यासारखीही वाटते, तर जोराच्या फेसवॉशने ती कोरडी पडली आहे, तिला हलकं मॉइश्चरायझर हवंच. आणि पुटकुळ्या फक्त केसांच्या कडेला असतील तर क्रीमला दोष देण्याआधी डोक्याला लावलेलं खोबरेल कपाळावर उतरतंय का ते बघावं.

यादीत अडचणीचं काही दिसलं नाही, तरी सगळ्या चेहऱ्यावर एकदम लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघितलं की खाज किंवा लाली येते का ते कळतं. छिद्रं बुजतात का ते तिथे कळत नाही, कारण पुटकुळी तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यासाठी जबड्याच्या कडेला एकाच बाजूला महिनाभर लावावं आणि दुसऱ्या बाजूशी तुलना करावी.

यादीतला फेनॉक्सिइथेनॉलच्या वरचा भाग आणि मुदतीची तारीख, या दोन गोष्टी वाचता आल्या तर कंपनीचं नाव नसतानाही निर्णय घेता येतो. यातली एकही वाचता येत नसेल आणि बारकोडवरूनही काही हाती लागत नसेल, तर पुढच्या बाजूला कितीही आश्वासक शब्द उरलेला असो, ती ट्यूब चेहऱ्याला लावू नये.